गिरणीचे पैसे किती दिवसांत वसूल होतील?

आमच्या गटाच्या खोलीत कोपऱ्यात एक शेवयांचं मशीन आहे. त्यावर पोतं टाकून ठेवलंय. १८,००० रुपयांना घेतलं होतं. उन्हाळ्यात दोन महिने चालतं, मग वर्षभर झाकून. खर्च जाऊन वर्षाला हातात राहतात १,५०० रुपये. म्हणजे घातलेले पैसे परत यायला १२ वर्षं! हा भागाकार आम्ही मशीन आणल्यावर केला. आणायच्या आधी केला असता तर ते पोतं आज धान्याला वापरलं असतं.

म्हणून पिठाच्या गिरणीचा विषय निघाला तेव्हा आम्ही ठरवलं, आधी वही, मग मशीन. तो हिशोब कसा मांडला आणि कुठे कुठे चुकला, तेच आज सांगतो.

आमची वस्ती बीड जिल्ह्यात, ऊसतोडीच्या पट्ट्यात. जवळची गिरणी तीन किलोमीटरवर. दळणाचा डबा डोक्यावर घेऊन जायचं, नंबर लावायचा, वीज गेली तर डबा तिथेच ठेवून यायचं. गिरणीची गरज होती, यात शंका नव्हती. पण गरज असणं वेगळं आणि पैसे वसूल होणं वेगळं.

आम्ही तालुक्याला दुकानात गेलो. दुकानदाराने १० हॉर्सपॉवरची गिरणी दाखवली आणि कागदावर पटापट लिहून दिलं. मोटरसकट गिरणी ७२,००० रुपये. रोज १५० किलो दळण, किलोला ५ रुपये, महिन्याचे ३० दिवस, म्हणजे २२,५०० रुपये. त्यातून विजेचे ४,५०० गेले, उरले १८,०००. “चार महिन्यांत गिरणी फुकट, ताई!” असं म्हणाला. कागद घेऊन आम्ही खुशीत घरी आलो.

दुसऱ्या दिवशी बैठकीत तोच कागद एक एक ओळ करून तपासला. हिशोबाची रीत बरोबर होती. मशीनला घातलेली रक्कम घ्यायची आणि दरवर्षी खर्च जाऊन हातात उरणाऱ्या रकमेने तिला भागायचं. जितकं उत्तर, तितक्या वर्षांत पैसे वसूल. चूक रीतीत नव्हती, तीत घातलेल्या आकड्यांत होती.

पहिला आकडा घातलेल्या पैशाचा. ७२,००० ही नुसत्या गिरणीची किंमत. ती चालायला काय काय लागतं? मोठ्या मोटरला तीन फेजचं वेगळं कनेक्शन, त्याची सुरक्षा ठेव, स्टार्टर, वायरिंग. याचे २४,००० निघाले. गिरणी हलू नये म्हणून सिमेंटचा ओटा आणि वर पत्र्याचं शेड, २१,०००. वजनकाटा, चाळण्या, टेम्पोचं भाडं आणि बसवण्याची मजुरी, ९,०००. सगळे मिळून झाले १,२६,०००. पहिलं दळण पडेपर्यंत खिशातून जो पैसा जातो, तो सगळा मशीनचाच खर्च धरायचा.

दुसरा आकडा दळणाचा. रोजचे १५० किलो कुणी मोजले होते? कुणीच नाही. मग गटातल्या आम्ही १० जणींनी वस्तीतली १२० घरं वाटून घेतली. प्रत्येक घरी विचारलं, आठवड्याला दळण किती, आणि जमलं तिथे डबा काट्यावर ठेवून पाहिला. २० घरांत घरघंटी निघाली, ती घरं सोडून दिली. उरलेल्या १०० घरांचं दळण आठवड्याला ६६० किलो भरलं. आठवड्यात गिरणी सहा दिवस चालेल असं धरलं, म्हणजे रोज ११० किलो. दीडशेचे एकशेदहा झाले, तरी आम्ही नाराज नव्हतो.

तेवढ्यात गटातल्या सगळ्यांत थोरल्या आत्या म्हणाल्या, “अगं, तुम्ही मोजलं श्रावणात. दिवाळीनंतर कुणाचं दळण दळणार? कोयते घेऊन माणसं कारखान्यावर जातात की.” सगळ्या गप्प झालो. परत घरं मोजली. त्या १०० घरांपैकी ३६ घरांना दिवाळीनंतर कुलूप लागतं, ते जवळजवळ सहा महिने. तेव्हा दळण रोज ७० किलोवर येणार. सहा महिने ११० आणि सहा महिने ७०, म्हणजे वर्षाची सरासरी ९० किलो. तुमच्याकडे ऊसतोड नसेल, पण वीटभट्टी असेल, नाहीतर मुंबई-पुण्याला जाणारी माणसं असतील. आपल्या गावातलं दळण कोणत्या महिन्यात कमी होतं, हे दुकानदाराला ठाऊक नसतं. आपल्याला असतं.

तिसरा आकडा खर्चाचा. दुकानदाराने फक्त वीज धरली होती. आम्ही शेजारच्या गावच्या गिरणीवाल्या दादांकडे जाऊन त्यांची वर्षाची बिलं पाहिली. एका किलोमागे साधारण एक रुपयाची वीज जात होती. शिवाय बिलात ‘स्थिर आकार’ असतो, तो गिरणी बंद असली तरी भरावाच लागतो. आमच्यासाठी दोन्ही मिळून महिन्याला २,९०० धरले.

मग मजुरी. आमच्यातल्या काही जणी म्हणाल्या, “मजुरी कशाला? आपणच दळू, पाळ्या लावू.” पण जी बाई गिरणीवर चार तास उभी राहील, तिचा शेतातला रोज बुडणारच. मजुरी धरली नाही, तर गिरणी फायद्यात दिसते आणि तो फायदा खरं म्हणजे त्या बाईच्या घामाचा असतो. दोन महिन्यांनी ती यायची बंद होते आणि गिरणीही बंद पडते. म्हणून सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास, याचे रोज १५० रुपये धरले. २६ दिवसांचे ३,९००.

गिरणीचे दगड दळून दळून गुळगुळीत होतात. मग पीठ जाडसर पडतं, हाताला गरम लागतं आणि वीज जास्त खाल्ली जाते. तेव्हा दगडाला टाकी लावावी लागते. पट्टा, बेअरिंग, ग्रीस हेही आलंच. हा खर्च दर महिन्याला येत नाही, पण येतो तेव्हा मोठा येतो. त्यासाठी महिन्याला ९०० बाजूला काढायचे ठरवले. जागेचं भाडं ५००. सगळा खर्च झाला ८,२००.

आता जमा. रोज ९० किलोचे ४५० रुपये, २६ दिवसांचे ११,७००. त्यातून ८,२०० वजा केले, उरले ३,५००. वर्षाचे ४२,०००. घातलेल्या १,२६,००० ला ४२,००० ने भागलं, तर उत्तर आलं ३ वर्षं. दुकानदाराचे चार महिने आणि आमची तीन वर्षं! गिरणी तीच, गाव तेच.

तीन वर्षंही चालली असती. पण आम्ही आणखी एक प्रश्न विचारला. रोजचं दळण २० किलोंनी कमी झालं तर? उद्या वस्तीत दुसरी गिरणी आली, नाहीतर आणखी बऱ्याच घरांत घरघंटी आली, तर हे होऊ शकतं. किलोला ५ रुपये मिळतात, त्यातला १ विजेचा, म्हणजे किलोमागे ४ रुपये कमी. २० किलोंचे रोज ८० आणि महिन्याला २,०८०. ३,५०० तून ते गेले की उरतात १,४२०. मजुरी, भाडं, स्थिर आकार काही कमी होत नाही. मग १,२६,००० वसूल व्हायला सात वर्षांच्या वर लागतात. दळण पावपट सुद्धा कमी झालं नाही, पण वसुलीचा काळ दुपटीहून जास्त लांबला. मशीन घेण्याआधी ही एक बेरीज-वजाबाकी जरूर करून बघा.

जमा आमच्या हातात नव्हती, पण घातलेला पैसा हातात होता. मग विचार केला, आपल्याला १० हॉर्सपॉवर हवीच का? ५ हॉर्सपॉवरची गिरणी तासाला ४० किलो दळते, असं आम्ही एका गावात उभं राहून घड्याळ लावून पाहिलं. चार तासांत १६० किलो. आमचं भर हंगामातलं दळण ११० किलो. म्हणजे पुरून उरते. ती गिरणी ४२,००० ची. कनेक्शन, ओटा, शेड, काटा सगळं धरून खर्च ८४,००० झाला. वर्षाला उरणार तेवढेच, ४२,०००. म्हणजे दोन वर्षांत वसूल. मोठं मशीन घेऊन ते रिकामं ठेवण्यात काय अर्थ?

आता कर्जाचं. गटाचे ३६,००० होते, बाकी ४८,००० कर्ज. व्याज महिन्याला एक टक्का, शिल्लक रकमेवर, मुदत तीन वर्षं. हप्ता बसला सुमारे १,६०० रुपये आणि एकूण व्याज सुमारे ९,४००. हे व्याजही गिरणीनेच फेडायचं, म्हणून ते ८४,००० मध्ये मिळवलं. झाले ९३,४०० आणि वसुलीचा काळ झाला सव्वादोन वर्षं. कर्जाची मुदत त्याहून जास्त आहे, हे बरं. वसुलीला तीन वर्षं लागणार आणि कर्ज दोन वर्षांत फेडायचं असेल, तर हप्ते घरातून भरावे लागतात.

पण सरासरीने फसू नका. ऊसतोडीच्या महिन्यांत आमच्या हातात १,४२० च राहतात, हप्ता १,६०० चा. म्हणून पावसाळ्यातल्या उरलेल्या पैशातून दर महिन्याला थोडे वेगळे काढतो आणि दिवाळीनंतर तेच हप्त्याला लावतो. ते पैसे वाटून घ्यायचे नाहीत, असा ठरावच लिहून ठेवलाय.

गिरणी सुरू होऊन १४ महिने झाले. वहीच्या पहिल्या पानावर ९३,४०० लिहिलेत. दर महिन्याला खर्च जाऊन जे उरतं, ते त्यातून वजा करतो. हिशोबाप्रमाणे आतापर्यंत ४९,००० वसूल व्हायला हवे होते, झालेत ४४,०००. वीज कमी दाबाने येत होती तरी आम्ही गिरणी चालू ठेवली, मोटर जळली, ती परत भरून घ्यावी लागली आणि गिरणी आठवडाभर बंद राहिली. तेव्हापासून दिवे मंद झाले की गिरणी थांबवतो. शेवटच्या ओळीवर आज ४९,४०० आहेत. ती ओळ शून्यावर येईपर्यंत नवीन मशीनचं नाव काढायचं नाही, असं ठरलंय. शेवयांचं मशीन मात्र विकायला काढलंय. कुणाला हवं असेल तर आधी वही घेऊन या, मग बोलू.