नातवास पत्र : हिशेबाची वही

माझा नातू उद्यां सातारा सोडून नागपुरास महाविद्यालयांत शिकावयास जाणार आहे. त्याच्या सामानांत मीं एक कोरी वही ठेविली आहे आणि तिच्याबरोबर एक पत्र. तें पत्र आज आपणांस वाचून दाखवितों.

चिरंजीवास अनेक आशीर्वाद. विशेष.

तुला दरमहा ९,००० रुपये पाठवावयाचें ठरलें आहे. पैसे येतांच खोलीच्या वाट्याचे ३,००० व खानावळीचे ३,५०० देऊन टाक. उरलेल्या २,५०० पैकीं ५०० आजारपणासाठीं व घरच्या तिकिटासाठीं बाजूस ठेव. राहिले २,०००. त्यांचे चार भाग करावेसे वाटेल. तूं पांच कर. चार आठवडे अठ्ठावीस दिवसांतच संपतात, आणि विद्यार्थ्याची उपासमार नेमकी पुढच्या दोन-तीन दिवसांत होते. दर आठवड्यास ४०० खर्च कर. पांचव्या भागास २९ तारखेपूर्वीं हात लावूं नको. त्यांतून उरेल तें बाजूच्या ५०० त घाल.

रोज रात्रीं खर्च लिही. मोबाइलवरून दिलेला पैसा हातांतून जातांना दिसत नाहीं, म्हणून तो तर आधीं लिही. मग सकाळच्या शिल्लकेंतून खर्च वजा करून उरलेली रक्कम ताडून पाहा. जुळली नाहीं तर आंकडा ओढूनताणून जुळवूं नको. ‘हिशेब लागत नाहीं, रुपये ४०’ असें सरळ लिही. ‘किरकोळ’ या सदरावर मात्र नजर ठेव. आठवड्यांत तेथें ४० रुपयांहून अधिक गेले, तर तें सदर फोडून चहा, रिक्षा, उसनवार अशीं खरीं नांवें घाल.

हें मी कसें शिकलों तें सांगतों. १९६८ सालीं मी पुण्यास शिकत होतों. वडील दरमहा पैसे पाठवीत व हिशेब मागवीत. एका मित्रास मीं खानावळीचे पैसे उसने दिले. ते परत आले नाहींत. वडिलांस काय लिहावें हें सुचेना, म्हणून ती रक्कम ‘पुस्तकें’ या सदरीं घातली आणि रात्रीचें जेवण सोडलें. दोन महिने हिशेब पैशापर्यंत जुळत होता. तिसऱ्या महिन्यांत तापानें अंथरूण धरलें, परीक्षा हुकली, वर्ष गेलें. वडील मला न्यावयास आले. त्यांनीं वही चाळली आणि पुस्तकें कोठें आहेत, एवढेंच विचारलें. मला उत्तर देतां आलें नाहीं.

तुझी वही आम्हांस दाखीव, असा माझा आग्रह नाहीं. पण पैसे कमी पडले, तर ज्या दिवशीं कमी पडतील त्याच दिवशीं मला कळीव. कारण मागाहून सांग. आधीं तें मी विचारणार नाहीं.

कळावें, हे आशीर्वाद.

तुझे आजोबा