सौदाद : मराठीत कशी सांगायची?

(सामुदायिक रेडिओवरील भाषणाचा मजकूर)



चावी, पगार, घमेलं, बटाटा, पाव. हे शब्द आपल्या तोंडात इतके बसलेत की ते बाहेरचे असतील असं वाटतही नाही. पण ते आले पोर्तुगीज भाषेतून. गोव्यात पोर्तुगिजांचं राज्य १९६१ सालापर्यंत होतं, आणि त्याआधी वसईच्या बाजूलाही ते दोनशे वर्षं होते. त्यांच्या वस्तू आपल्याकडे आल्या, वस्तूंबरोबर नावं आली. पण त्यांचा एक फार जिव्हाळ्याचा शब्द मात्र मराठीत रुजला नाही. तो शब्द म्हणजे सौदाद. घमेलं समोर ठेवून दाखवता येतं. मनातली गोष्ट कशी दाखवणार? आज आपण तेच करून बघू. सौदाद म्हणजे काय ते आपल्या मराठीत सांगू, पण त्यातलं काही सांडू न देता.

सौदाद या शब्दाचं मूळ लॅटिन भाषेत आहे आणि तिथे त्याचा अर्थ एकटेपणा असा होता. तेराव्या शतकातल्या पोर्तुगालकडच्या गाण्यांत तो जुन्या रूपात सापडतो. त्या गाण्यांतली बाई समुद्राकाठी उभी राहून लाटांना विचारते, माझा माणूस कधी येणार? गंमत अशी, की ही गाणी बाईच्या तोंडी असली तरी लिहिली होती पुरुषांनी. आपल्याकडे जात्यावरच्या ओव्या बायकांनी स्वतः रचल्या, हा मोठा फरक. पुढे पंधराव्या शतकात पोर्तुगालच्या दुआर्त नावाच्या राजाने आपल्या पुस्तकात या शब्दावर लिहिलं. त्याचं म्हणणं होतं की हे नुसतं दुःख नाही, कंटाळाही नाही. त्यात कधी सुखही असतं, आणि असं नाव दुसऱ्या भाषेत नाही.

सुखही असतं, ही गोष्ट नीट धरून ठेवा. सौदाद म्हणजे आपल्याला प्रिय असलेलं माणूस, गाव, घर किंवा काळ आपल्यापाशी नाही याचं दुखणं. पण ते आपल्या वाट्याला आलं होतं, याचा गोडवाही त्याच दुखण्यात असतो. दोन्ही एकदम. गोडवा काढला तर उरतं नुसतं दुःख. दुखणं काढलं तर उरते नुसती छान आठवण. दोन्हीपैकी काहीही एकटं घेतलं की ती सौदाद राहत नाही.

आता आपले शब्द एकेक करून लावून बघू.

पहिला शब्द आठवण. पण आठवण कशाचीही येते. चावी कुठे ठेवली तेही आठवतं, आणि कुणी केलेला अपमानही आठवतो. सौदाद फक्त प्रेमाच्या गोष्टीचीच असते. म्हणजे आठवण हा शब्द फार मोठ्या तोंडाचा आहे, त्यात काहीही मावतं.

दुसरा विरह. हा जवळचा आहे, पण तो बहुतेक वेळा माणसाचा असतो, आणि त्यातही नवराबायकोचा किंवा देवाभक्ताचा. अंगणातल्या आंब्याचा विरह झाला असं आपण म्हणत नाही. सौदाद मात्र आंब्याचीही असते, एखाद्या कालवणाचीही असते, लहानपणाचीही असते.

तिसरा हुरहूर. दिवे लागणीच्या वेळी पोटात कालवतं, ती हुरहूर. पण तिला पुष्कळदा कारणच सापडत नाही, आणि तिच्यात पुढे काय होईल याची धास्ती मिसळलेली असते. सौदादला मात्र नेहमी विचारता येतं, कुणाची? कशाची? तिला पत्ता असतो.

चौथा ओढ. ओढीत ताकद आहे, पण ओढ आपल्याला पुढे खेचते. जायला वाट असते म्हणून ओढ असते. पोर्तुगालमध्ये थडग्याच्या दगडावर ‘अखंड सौदाद’ अशा अर्थाचे शब्द कोरतात. गेलेल्या माणसाकडे जायची वाट नाही, तरी सौदाद आहे. म्हणजे परत भेटीची आशा असो वा नसो, सौदाद राहते.

आणि पाचवा रुखरुख. काहीतरी करायचं राहून गेलं, बोलायचं राहून गेलं, त्याची रुखरुख. तिच्यात आपली चूक टोचत असते. सौदादीत चूक कुणाचीच असायला नको.

बघा, पाच शब्द लावले आणि पाचही थोडे थोडे कमी पडले. पण प्रत्येक शब्द कुठे कमी पडला ते सांगता सांगता सौदाद म्हणजे काय ते आपल्याला कळत गेलं. परक्या शब्दाला जोड सापडत नसली, तर तो असा चारी बाजूंनी कुंपण घालून सांगता येतो.

आता हा शब्द माणसाच्या जगण्यात कसा वापरला जातो ते बघू. त्यासाठी आफ्रिकेच्या पश्चिमेला समुद्रात जायला हवं. तिथे काबो व्हेर्दे नावाची दहा बेटं आहेत. १९७५ पर्यंत तिथे पोर्तुगिजांचं राज्य होतं. पाऊस फार थोडा. १९४० नंतरच्या दहा वर्षांत तिथे दोन मोठे दुष्काळ पडले आणि हजारो माणसं उपासमारीने मेली. जगायचं तर बेट सोडायचं, अशी वेळ आली. पुष्कळांना करारावर बोटीत बसवून साओ तोमे नावाच्या दूरच्या बेटावर नेलं. तिथे कोकोचे आणि कॉफीचे मळे होते. काम कष्टाचं, मजुरी थोडी, आणि परतीचा भरवसा नाही. कित्येक जण तिथेच राहिले, तिथेच मेले.

काबो व्हेर्देचे लोक आपल्या बोलीत या शब्दाला सोदाद म्हणतात. साओ तोमेच्या त्या वाटेवर एक गाणं आहे, त्याचं नावच ‘सोदाद’. सेझारिया एव्होरा नावाच्या तिथल्या गायिकेने ते १९९२ साली गायलं आणि ते जगभर पोचलं. ती रंगमंचावर अनवाणी उभी राहून गायची.

या गाण्याचं नाव मराठीत ‘घरची आठवण’ असं केलं तर काय होईल? घरची आठवण आली की माणूस चार दिवस घरी जाऊन येतो आणि बरं वाटतं. पण इथे घरी जाण्याचं माणसाच्या हातात नव्हतं. तो रागाने गाव सोडून गेला नव्हता, हौसेनेही गेला नव्हता. गावावर प्रेम होतं आणि गावात खायला नव्हतं. ‘घरची आठवण’ म्हटलं की भूक, करार आणि बोट हे सगळं त्या शब्दातून निघून जातं. शब्द सपाट होतो म्हणजे हेच होतं. सोपा शब्द दिला म्हणून बिघडत नाही. सोप्या शब्दाने माणसाची खरी अडचण झाकली, तर बिघडतं.

आजही काबो व्हेर्देची पुष्कळ माणसं पोटासाठी लिस्बन शहरात राहतात. त्यांचं एक जेवण आहे, काशुपा. मक्याचे दाणे आणि घेवड्यासारखी कडधान्यं मंद आचेवर बराच वेळ शिजवायची, त्यात रताळं, कंद, आणि असेल तर मासळी किंवा मांस. समजा, तिथली एखादी बाई म्हणाली, “आज काशुपा रांधून मी सौदाद मारली.” पोर्तुगीजमध्ये खरोखर असंच म्हणतात, सौदाद मारणे. आपण शब्दाला शब्द ठेवून ‘आठवण मारली’ असं म्हटलं तर? ऐकणारीला वाटेल, हिने मन घट्ट करून आठवण दाबून टाकली. अगदी उलटा अर्थ झाला.

मग खरा अर्थ कसा सापडतो? तेच क्रियापद ते लोक आणखी कुठे वापरतात ते बघायचं. पोर्तुगीजमध्ये भूक मारतात, तहान मारतात, म्हणजे पोटभर खातात, पाणी पितात. मराठीत भूक मेली म्हणजे खावंसंच वाटेना. आपण भूक भागवतो, तहान भागवतो. म्हणून त्या बाईचं वाक्य मराठीत असं होईल : “आज काशुपा रांधला आणि गावाची तहान जराशी भागवली.” बघा, सौदाद हा शब्द न उच्चारता सौदाद आली. आणि आणखी एक गोष्ट उमगली. सौदाद ही तहानेसारखी आहे. ती भागते, आणि पुन्हा लागते.

याच जातीचे दोन शब्द थोडक्यात सांगते, म्हणजे सगळे एकाच पोत्यात भरले जाणार नाहीत.

इंग्लंडच्या शेजारी वेल्स नावाचा मुलूख आहे. त्यांचा शब्द आहे हिरायथ. हीसुद्धा तळमळच, पण ती मातीशी, गावाशी आणि आपल्या भाषेशी बांधलेली आहे, आणि ते गाव कदाचित जागेवर उरलेलंही नसतं. १९६५ साली तिथलं कापेल केलिन नावाचं गाव लिव्हरपूल शहराच्या पाण्यासाठी बांधलेल्या तलावाखाली गेलं. शाळा, प्रार्थनाघर, शेतं, सगळं पाण्यात. आता तिथे जाऊन उभं राहिलं तरी गाव भेटत नाही, पाणी भेटतं. त्या तळमळीला हिरायथ म्हणतात. ज्यांचं गाव धरणात गेलं त्या बायांना हे वेगळं समजवावं लागणार नाही.

दुसरा शब्द जपानचा, नात्सुकाशी. एखादा जुना वास आला, शाळेतलं गाणं कानावर पडलं, की जपानी माणूस हसून म्हणतो, नात्सुकाशी. म्हणजे, “अगं बाई, किती वर्षांनी!” असं मन उबदार होणं. सौदादीला गोष्ट समोर नसावी लागते. नात्सुकाशीला ती समोर यावी लागते. इतका फरक आहे.

आता वाट उलटी फिरवू. समजा एखाद्या पोर्तुगीज बाईला तुम्हाला ‘माहेर’ सांगायचंय. ती म्हणेल, आईवडिलांचं घर. बरोबर आहे, पण तिच्या भावालाही तेच आईवडिलांचं घर आहे, आणि त्याला माहेर नाही. लग्न होईपर्यंत तुमचंही ते नुसतं घरच होतं. सोडून आल्यावर ते माहेर झालं. तिथे तुम्ही लेक असता आणि पाहुणीही असता. आई होती तोवर वेगळं होतं, आई गेल्यावर तेच घर असून वेगळं झालं. हे सगळं सांगितलं तर ती बाई नक्की म्हणेल, म्हणजे त्या घरात राहूनसुद्धा तुम्हाला त्याची सौदाद असते! आणि मग तिला माहेर कळलं, असं समजायचं.

पुढच्या बैठकीत आपला एक शब्द घ्या. रुखरुख घ्या, किंवा चुटपुट घ्या. दोघींत फरक काय, आपल्या गावातली कुठली गोष्ट सांगितली तर तो कळेल, हे आपसात ठरवा. एका ओळीत अर्थ सांगायचा नाही, प्रसंग सांगायचा. तुम्ही काय ठरवलंत ते कळवा, आपण ते कार्यक्रमात वाचून दाखवू.