मुलाखतीआधी विचारायचे दोन प्रश्न

(नोकरी करणाऱ्या बायकांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



मी बरीच वर्षं कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागात काम केलं. टेबलाच्या त्या बाजूला बसून माणसं निवडली, आणि या बाजूला बसून स्वतःही मुलाखती दिल्या. आज मी फक्त दोन प्रश्नांबद्दल बोलणार आहे. मुलाखतीचं बोलावणं आलं की जाण्याआधी विचारायचं : मी नेमकी कोणाच्या हाताखाली काम करणार, आणि माझ्या हाताखाली किती माणसं असणार?

तुम्ही म्हणाल, हे तर मुलाखतीत कळेलच. कळतं, पण तोवर आपली अर्ध्या दिवसाची रजा गेलेली असते. घरी मुलांची सोय लावून, साहेबाला काहीतरी कारण सांगून आपण गेलेलो असतो. इतकं केल्यावर समोर आलेली नोकरी गैरसोयीची असली तरी 'आता आलोच आहोत तर' असं मन म्हणायला लागतं.

पदाच्या नावावरून काही कळत नाही, हे आधी लक्षात घ्या. एका कंपनीतल्या मॅनेजरच्या हाताखाली वीस माणसं असतात, तर दुसरीकडे मॅनेजर म्हणवणारी बाई एकटीच बसून व्हाउचर तपासत असते. बायकांना नाव मोठं आणि हात रिकामे अशी पदं देऊ केलेली मी पुष्कळदा पाहिली आहेत. पगार तेवढाच ठेवून मान दिल्यासारखं दाखवायचा तो स्वस्तातला मार्ग असतो.

आता आपल्याला फोन करणारी व्यक्ती कोण, तेही पाहू. बहुधा ती कन्सल्टन्सीची असते. तिचे पैसे उमेदवार रुजू झाल्यावर कंपनी देते, म्हणून आपण मुलाखतीला जावं अशी तिची घाई असते. तिच्याकडे कंपनीने पाठवलेला एक कागद असतो, त्यापलीकडे तिलाही फारसं ठाऊक नसतं. म्हणून ती फोनवर चटकन जे सांगेल त्यावर थांबू नका. 'कंपनीला विचारून लेखी कळवाल का?' असं म्हणा.

माझ्या ओळखीच्या एका बाईंचं उदाहरण सांगते. अकाउंट्समध्ये चौदा वर्षं काढलेली, हाताखाली चार माणसं. तिला चाकणच्या एका कारखान्यासाठी फोन आला : मॅनेजर, फायनान्स, मुलाखत बुधवारी अकराला. तिने ई-मेल केला तो असा : 'बुधवारी अकरा वाजता येऊ शकेन. तयारीसाठी दोन गोष्टी कंपनीकडून विचारून कळवाव्यात. हे पद कोणत्या पदाला रिपोर्ट करतं, आणि या पदाच्या हाताखाली सध्या किती माणसं आहेत?'

यात पाहण्यासारखं हे, की तिने वेळ मान्य केली आणि त्याच पत्रात प्रश्न घातले. त्यामुळे ती अट वाटली नाही, तयारी वाटली.

उत्तर आलं : 'फायनान्स हेडना रिपोर्टिंग, टीम सहा जणांची.' दिसायला छान. पण 'सहा' या आकड्यात चार वेगवेगळ्या गोष्टी लपू शकतात : कंपनीच्या पगारपत्रकावरची माणसं, कंत्राटदाराची माणसं, मंजूर असून रिकाम्या असलेल्या जागा, आणि कधीतरी भरू असा नुसता विचार. म्हणून तिने पुन्हा विचारलं : 'या सहांपैकी आज कामावर किती? कंपनीचे किती, कंत्राटी किती? वार्षिक मूल्यमापन मी लिहायचं असे किती?'

दोन दिवसांनी कळलं ते असं. कंपनीचे दोघे. तिघे एका एजन्सीचे, त्यांची रजा आणि मूल्यमापन एजन्सीचा सुपरवायझर पाहणार. एक जागा रिकामी. म्हणजे सहाचे दोन झाले. शिवाय फायनान्स हेड चेन्नईला बसतात, आणि रोजचं काम कारखान्याचे प्रमुख सांगणार. याला कंपन्यांच्या भाषेत 'डॉटेड लाइन' म्हणतात. कागदावर साहेब एक, समोर उभा राहणारा दुसरा.

दोन साहेब असणं मुळात वाईट नाही. पण महिनाअखेरीला एकाला हिशेब बंद करून हवे असतात आणि त्याच दिवशी दुसऱ्याला स्टॉकची मोजणी हवी असते, तेव्हा कोणाचं ऐकायचं? आजारी मुलासाठी रजा कोण मंजूर करणार? वर्षाच्या शेवटी मूल्यमापन कोण लिहिणार? ही तीन उत्तरं एकाच माणसाकडे जात असतील तर साहेब एकच आहे. वेगवेगळी जात असतील तर साहेब दोन आहेत, चार्टवर काहीही काढलेलं असो.

ती मुलाखतीला गेली, पण हे प्रश्न घेऊन गेली. तिथे कारखान्याचे प्रमुख म्हणाले, रजा मीच देतो. फायनान्स हेड फोनवर म्हणाले, रजा माझ्याकडे. त्यांचंच आपसात ठरलेलं नव्हतं. नोकरी द्यायची ठरल्यावर तिने रिपोर्टिंग, रजेचा अधिकार आणि दोन माणसं या गोष्टी नेमणूकपत्रात लिहून मागितल्या, आणि सहा माणसं सांभाळण्याच्या नव्हे, तर दोन माणसांसह बरंचसं काम स्वतः करण्याच्या हिशेबाने पगार बोलली. कंपनीने रिपोर्टिंग आणि रजेचं लिहून दिलं, माणसांचा आकडा लिहिला नाही. ते पाहून ती रुजू झाली.

काही उत्तरं ओळखायला शिका. 'टीम वाढते आहे' म्हटलं तर विचारा, या वर्षाच्या बजेटमध्ये किती जागा मंजूर आहेत. 'टीम तुम्हीच उभी करायची' म्हटलं तर विचारा, पहिलं माणूस कधी आणि कोणाच्या मंजुरीने. 'आमच्याकडे वरखाली कोणी नाही' म्हटलं तर विचारा, पगारवाढीवर सही कोणाची.

उत्तर न मिळणं म्हणजे प्रत्येक वेळी लबाडी नसते. कधी त्या खुर्चीवर आज कोणी बसलेलं असतं आणि त्याला काढणार हे त्याला माहीत नसतं. तेव्हा नाव विचारू नका, पदनाम पुरे. लहान कंपनीत मालकानेच विचार केलेला नसतो, तिथे आपल्या प्रश्नानेच विचार सुरू होतो. आणि लेखी उत्तर म्हणजे कायमचं वचन नव्हे. बहुतेक नेमणूकपत्रांत 'कंपनी रिपोर्टिंग बदलू शकते' असं वाक्य असतंच. पहिलीच नोकरी शोधणाऱ्या मुलीने टीमचा प्रश्न सोडून द्यावा, मात्र काम शिकवणार कोण आणि ती व्यक्ती त्याच ऑफिसात बसते का, हे जरूर विचारावं.

शेवटी कायद्याचा एक मुद्दा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली आहे. मुख्यतः व्यवस्थापकीय काम करणारी, किंवा देखरेखीचं काम करून महिना १८ हजारांहून जास्त वेतन घेणारी व्यक्ती तिच्यात 'कामगार' धरली जात नाही, आणि मग नोकरीवरून काढल्यावर या कायद्याखाली दाद मागण्याची वाट अडते. पण कोर्टं पदाच्या नावापेक्षा प्रत्यक्ष कामाकडे पाहत आली आहेत. हाताखाली कोणी नव्हतं, कोणाची रजाही मंजूर करत नव्हते, हे दाखवता आलं तर 'मॅनेजर' या एका शब्दाने सगळं संपत नाही.

म्हणून ती ई-मेलची उत्तरं ऑफिसच्या पत्त्यावर नको, स्वतःच्या पत्त्यावर मागवा. फोनवरच सांगितलं तर त्याच दिवशी 'आपल्या बोलण्यानुसार रिपोर्टिंग अमुक पदाला, टीम इतक्यांची' असं दोन ओळींत लिहून पाठवा. आणि नेमणूकपत्र हातात आलं की सही करण्याआधी दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचा.