मुदतीचा हिशेब

नागपूरपासून फार दूर नसलेल्या पवनीजवळ वैनगंगेवर गोसीखुर्दचे धरण उभे आहे. त्याला 1983 साली प्रशासकीय मान्यता मिळाली तेव्हा खर्चाचा अंदाज सुमारे 372 कोटी रुपयांचा होता. 22 एप्रिल 1988 रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते भूमिपूजन झाले, 2009 मध्ये त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा लाभला, आणि मान्यतेला चाळीस वर्षे उलटली तरी कालव्यांची कामे चालूच राहिली. मूळचा आकडा मात्र अठरा हजार कोटींच्या पलीकडे गेला. खर्चवाढीत महागाईचा वाटा आहे आणि गैरव्यवहाराच्या आरोपांची चौकशीही झाली आहे. परंतु आज मला बोलायचे आहे ते केवळ मुदतीविषयी.

धरणाची भिंत किती दिवसांत चढेल, याचे गणित अभियंता बऱ्यापैकी अचूक मांडू शकतो, कारण ते हातच्या कामाचे गणित असते. परंतु कुही तालुक्यातील बुडणाऱ्या गावांना जमिनीचा मोबदला केव्हा मिळेल, पुनर्वसनाच्या गावठाणात ती केव्हा हलतील, कालव्याच्या वाटेतील वनजमिनीची परवानगी कोणत्या दप्तरात किती काळ पडून राहील, आणि मंजूर झालेला निधी प्रत्यक्ष हाती केव्हा पडेल, हा सारा प्रतीक्षेचा काळ असतो. आपले अंदाज बहुधा येथेच फसतात : काम मोजले जाते, वाट पाहणे मोजले जात नाही.

हा दोष सरकारी खात्यांपुरताच आहे असे मात्र नव्हे. 1994 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रॉजर ब्यूलर आणि त्यांचे सहकारी यांनी विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध केव्हा पुरा होईल, असे विचारले. सरासरी उत्तर आले सुमारे 34 दिवस. सर्व काही बिघडले तर किती, यावर उत्तर आले सुमारे 49. आणि प्रत्यक्षात लागले 55 हून अधिक. म्हणजे माणूस वाईटात वाईट कल्पना करतो तीसुद्धा वस्तुस्थितीपेक्षा उजळच असते. तेव्हा केवळ कल्पनेला ताण देऊन अंदाज सुधारत नाही, त्यासाठी मागील कामांचा दाखलाच पाहावा लागतो.

घरचेच एक उदाहरण घेऊ : घरावर एक खोली चढवावयाची आहे, भिंती उभ्या आहेत, आणि मृगाच्या पावसाआधी, समजा 10 जूनपर्यंत, काम आटोपले पाहिजे. मिस्त्री सांगतो : सेंट्रिंगला तीन दिवस, सळई बांधायला दोन, स्लॅब एका दिवसात, प्लास्टरला चार, एकूण दहा. त्याचे बोलणे खोटे नसते, पण ते हातांपुरतेच असते. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू साधारणपणे निदान सात दिवस काढता येत नाहीत, आणि प्लास्टरलाही आठवडाभर पाणी मारावे लागते. दहाचे चोवीस येथेच झाले, आणि तेही काही न बिघडता. नागपूरच्या मे महिन्यात नळाचे पाणी अपुरे पडते, आणि लग्नसराईत मजूर गावी जातात, हे अजून धरलेलेच नाही.

आता त्याच मिस्त्रीची मागील कामे ज्यांनी करवून घेतली, त्यांच्याकडे चौकशी करावी. सांगितलेले दिवस नव्हे, तर लागलेले दिवस विचारावेत. समजा, तशाच तीन कामांना पंचवीस, तीस आणि चाळीस दिवस लागले. मग मधला तीसचा आकडा हा आपला अंदाज, आणि चाळीसपर्यंतचे दहा दिवस ही राखीव मुदत. 10 जूनपासून चाळीस दिवस मागे मोजले की 1 मे येतो. काम त्याच दिवशी सुरू झाले पाहिजे, अक्षय्य तृतीयेचे पाहुणे परतल्यावर सवडीने नव्हे.

ही राखीव मुदत ठेवण्यातही एक पथ्य आहे. प्रत्येक टप्प्यात दोन-दोन दिवस गुपचूप वाढवून ठेवले, तर ते हमखास खर्ची पडतात, कारण मुदत हाती असेतो कामाला वेग येत नाही; आणि सेंट्रिंगवाल्याने दिवस वाचवले तरी त्याचा लाभ प्लास्टरवाल्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून टप्प्यांचे अंदाज खरे ठेवावेत, आणि राखीव दिवस एकत्र, शेवटी, उघडपणे कागदावर लिहून, एकाच माणसाच्या स्वाधीन करावेत. निम्मे काम झाले असता दहापैकी सात राखीव दिवस उडालेले दिसले, तर तो इशारा समजून त्याच दिवशी जादा माणसे लावावीत किंवा काम आटोपते घ्यावे. या उपायाची मर्यादाही ध्यानात असावी : ज्या कामाचा पूर्वीचा दाखलाच नाही, त्यास अशी मुदत अदमासानेच नेमता येते, आणि तेथे एक ठाम तारीख देण्याऐवजी या तारखेपासून त्या तारखेपर्यंत, असे सांगणे अधिक प्रामाणिकपणाचे.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी आपणास दिवस विचारला, तर उत्तर देण्यापूर्वी वही उघडून मागचे असेच काम किती दिवस चालले होते ते पाहावे, आणि मगच तारीख द्यावी.