पाच प्रश्नांचा सांगाडा
(वसतिगृहाच्या मदतनीस मंडळींच्या सभेत केलेले भाषण)



मी वसतिगृहात अकरावी-बारावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवतो. मुलांची घरची बोली वेगळी, दहावीपर्यंत शाळा मराठी आणि पुढे विज्ञान इंग्रजीतून. त्यामुळे सूत्राची सिद्धता ती कवितेसारखी पाठ करतात. एक ओळ विसरली की पुढचे सारे जाते. गेल्या वर्षी एका मुलीने चाचणीत वायूच्या दाबाची सिद्धता अर्ध्यावर सोडली. रडत म्हणाली, “सर, काल रात्री सगळं येत होतं.”

तेव्हापासून आम्ही सिद्धता पाठ करत नाही. तिचा सांगाडा करतो, म्हणजे मराठीत पाच प्रश्न.

L बाजूच्या घनाकृती पेटीत m वस्तुमानाचा एक रेणू v वेगाने समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ये-जा करतो. पहिला प्रश्न : भिंतीवर आपटून तो त्याच वेगाने परतला, तर संवेग किती बदलला? 2mv. दुसरा : त्याच भिंतीवर तो पुन्हा केव्हा आपटेल? 2L/v इतक्या वेळाने. तिसरा : मग भिंतीवर सरासरी बल किती? पहिल्याला दुसऱ्याने भागा, mv²/L. चौथा : दाब किती? भिंतीच्या क्षेत्रफळाने, L² ने भागा. खाली L³ येते, म्हणजे पेटीचे आकारमान V. पाचवा : रेणू N असतील आणि सगळीकडे धावत असतील तर? N ने गुणा, v² ची सरासरी घ्या. तिन्ही दिशा सारख्याच, म्हणून एकीच्या वाट्याला तिसरा हिस्सा. P = Nmv²/3V, यात v² म्हणजे ती सरासरी.

दुसऱ्या दिवशी वही मिटून, कोऱ्या कागदावर आधी प्रश्न आणि मग उत्तरे लिहायची. त्या मुलीचे उत्तर दुप्पट आले, एक तृतीयांशऐवजी दोन तृतीयांश. मी चूक दाखवली नाही. तिनेच एकेक प्रश्न तपासला आणि दुसऱ्यापाशी थांबली. “सर, मी नुसतं जाणं धरलं, येणं राहिलं!” वेळ तिने L/v घेतला होता. पाठांतरात ही चूक तिला सापडली नसती.

धोका इथेही आहे. मुले हे पाच प्रश्नही पाठ करतात. म्हणून मी पेटी बदलतो : घन नाही, लांबी L, रुंदी B, उंची H. पाठ करणारा L² लिहितो. समजलेला विचारतो, “कोणती भिंत?” आणि BH ने भागतो. खाली LBH येते, तेही आकारमानच. सूत्र तेच राहते.

त्या मुलीने पेटी बदलूनही सिद्धता पुरी केली. सध्या ती अकरावीच्या मुलांना दुसरा प्रश्न समजावते, खोलीच्या एका भिंतीपासून दुसरीपर्यंत चालत जाऊन आणि परत येऊन.

आपल्याकडे एका बाजूने कोरे कागद असतील तर वसतिगृहाकडे पाठवा. आमचे रोजचे काम त्यांवरच चालते. या मुलांना प्रार्थनेत आठवा.