सव्वीसवर पंखा

मंडळी, आपल्या इच्छापुरात मे महिन्यात दुपारी पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत खाली ऊब सोडत राहतो. आमच्या घरी एसी आला तेव्हा आम्ही तो थेट 20 वर लावायचो. लवकर गार होईल, ही समजूत. पण आमच्या साध्या, इन्व्हर्टर नसलेल्या एसीचा कॉम्प्रेसर 20 वर आणि 26 वर सारख्याच जोराने चालतो. आकडा फक्त तो कधी थांबायचा एवढंच ठरवतो. स्लॅब गरम असेपर्यंत 20 गाठलंच जात नसे. गाठलं जायचं पहाटे तीनला, स्लॅब निवल्यावर. मग आजी कुडकुडत उठून एसी बंद करायची आणि चारला सगळे घामाने जागे!

मग आम्ही रात्री झोपताना आणि सकाळी मीटर वाचायला लागलो. 20 वर रात्रीचे अकरा युनिट, 26 वर पंख्यासह सात. एक अंश वाढवला की साधारण सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो, त्याच्याशी हे जुळलं. पंख्याचा वारा अंगावर असला की 26 सुद्धा गार वाटतं. स्लीप बटण दाबलं की रात्री आकडा आपोआप थोडा चढतो, आजीची झोप मोडत नाही.

कॉम्प्रेसर अधूनमधून थांबल्याचा आवाज येतो का, ते ऐका. रात्रभर थांबतच नसेल, तर आधी जाळी धुवा. आणि जूनमध्ये दमट हवा सुरू झाली की 26 चिकट वाटतं. तेव्हा आम्ही 25 करतो.