दतियाला थांबलेली गाडी

आज शाब्दिक उदाहरणांबद्दल बोलू या. मी झाशीत नववी-दहावीच्या मुलांना गणित शिकवतो. इथल्या मराठी घरांतली मुलं घरी मराठी बोलतात, शाळेत हिंदीतून नाहीतर इंग्रजीतून शिकतात. पालक येऊन सांगतात, ‘सर, गणित येतं हो त्याला, भाषेचं अडतं.’ मला हे फारसं पटत नाही. तेच मूल दुकानातून परत आलं की उरलेल्या पैशांचा हिशेब हव्या त्या भाषेत देतं.

अडतं कुठे ते बघा. ‘राधाकडे ३० गोट्या आहेत. त्या सुमनच्या गोट्यांपेक्षा १२ जास्त आहेत. तर सुमनकडे किती?’ कितीतरी मुलं ४२ म्हणतात. का? तर ‘जास्त’ हा शब्द दिसला. जास्त म्हणजे बेरीज, उरले म्हणजे वजाबाकी, प्रत्येकी म्हणजे भागाकार, अशी यादी कुणीतरी पाठ करून घेतलेली असते. मग मूल गोष्ट वाचतच नाही, शब्द शोधतं. राधाकडे जास्त आहेत म्हणजे सुमनकडे कमी, एवढं लक्षात आलं की १८ हे उत्तर सांगायला यादी लागत नाही.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. १९८० च्या सुमारास फ्रान्समध्ये ग्रेनोबलला प्राथमिक शाळेतल्या मुलांना विचारलं गेलं, की जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? बहुतेक मुलांनी दिलेल्या आकड्यांचं काहीतरी करून उत्तर काढलं. ३६ वर्षं! त्यांची बेरीज बिनचूक होती. फक्त मेंढ्या आणि बकऱ्या मिळवल्या की जनावरं येतात, वर्षं येत नाहीत, हे कुणी पाहिलं नाही.

म्हणून मी मुलांना नुसता आकडा लिहू देत नाही. ‘४०’ असं लिहिलं की मी विचारतो, ४० काय? कुणाचे? कधीचे? ‘पॅसेंजर दर तासाला ४० किलोमीटर पुढे जाते’ असं पूर्ण वाक्य आलं, की ती राशी झाली. गोष्टीचं राशींमध्ये भाषांतर करायचं म्हणजे एवढंच.

आता आपल्या स्टेशनावरचंच उदाहरण घेऊ. स्टेशनचं नाव आता वीरांगना लक्ष्मीबाई झाशी झालंय, गाड्या त्याच. एक पॅसेंजर सकाळी ८ वाजता झाशीहून ग्वाल्हेरकडे निघाली, ताशी ४० किलोमीटरने. ८ वाजून ४५ मिनिटांनी एक्सप्रेस त्याच दिशेने निघाली, ताशी ८० ने. एक्सप्रेस तिला कधी गाठेल?

सूत्र पाठ असलेला मुलगा लगेच सापेक्ष वेग काढतो. आपण सूत्र बाजूला ठेवू आणि पावणेनऊला फलाटावर उभे राहू. पॅसेंजर पाऊण तास चालली आहे, म्हणजे ३० किलोमीटर पुढे आहे. एक्सप्रेस शून्यावर. दोघींमधली फट ३० किलोमीटर. पुढच्या एका तासात एक्सप्रेस ८० जाईल, पॅसेंजर ४०, म्हणजे फट तासाला ४० ने घटते. ३० ची फट पाऊण तासात संपेल. साडेनऊ वाजले. पडताळा घ्या: एक्सप्रेस पाऊण तासात ६० किलोमीटर, पॅसेंजर दीड तासात ६० किलोमीटर. जुळलं. ग्वाल्हेर इथून शंभराच्या आत-बाहेर आहे, म्हणजे गाठ ग्वाल्हेरच्या अलीकडेच पडते. हेही बघायचं असतं.

या उदाहरणात सूत्रानेही हेच उत्तर येतं, त्यामुळे मुलांना वाटतं की सर उगाच लांबण लावतात. मग मी गोष्ट जरा बदलतो. पॅसेंजर दतियाला १५ मिनिटं थांबली. दतिया झाशीहून २५ किलोमीटर धरू.

आता सूत्र शोधणारा थांबतो, कारण ‘मध्ये थांबलेल्या गाडीचं सूत्र’ कुठल्या पुस्तकात नसतं. काहीजण १५ मिनिटं शेवटच्या उत्तरात मिळवतात, काही वजा करतात. पण आपल्याला फक्त फट मोजायची आहे. पॅसेंजरला दतियाला पोहोचायला साडेसदतीस मिनिटं लागतात. १५ मिनिटं थांबून ती ८ वाजून साडेबावन्न मिनिटांनी सुटली. त्या क्षणी एक्सप्रेसला निघून साडेसात मिनिटं झालीत, म्हणजे ती १० किलोमीटरवर आहे. फट १५ किलोमीटर. ती तासाला ४० ने घटते, म्हणजे साडेबावीस मिनिटं. सव्वानऊला गाठ, झाशीपासून ४० किलोमीटरवर. एक्सप्रेसचा अर्धा तास, ४० किलोमीटर. बरोबर.

आता तीच गाडी अर्धा तास थांबू दे. ती ९ वाजून साडेसात मिनिटांनी सुटेल. तोवर एक्सप्रेस ३० किलोमीटर गेली. फट किती? २५ वजा ३०, म्हणजे उणे ५. इथे मुलं उणेचं चिन्ह पुसून टाकतात आणि पुढे जातात. पुसू नका, ते चिन्ह काहीतरी सांगतंय. पॅसेंजर मागे पडली आहे, म्हणजे ती दतियाला उभी असतानाच एक्सप्रेस निघून गेली. मग प्रश्न सोपाच झाला: एक्सप्रेसला २५ किलोमीटरला किती वेळ? पावणेएकोणीस मिनिटं. ९ वाजून ३ मिनिटं ४५ सेकंदांनी. प्रत्यक्षात रेल्वेत पुढे काढतात ती बहुतेक अशीच. एकाच रुळावर धावणाऱ्या गाडीला मागची गाडी ओलांडू शकत नाही, तिला स्टेशनच्या लूप लाइनवर उभी करावी लागते. आपल्या पहिल्या दोन उत्तरांत ही अडचण आपण गृहीतच धरली नव्हती, आणि गाड्या सुरू होताच पूर्ण वेगात आहेत असंही मानलं होतं.

भाषांतर म्हटलं की आणखी एक सापळा येतो, तो शब्दाला शब्द ठेवण्याचा. ‘विद्यार्थी शिक्षकांच्या सहापट आहेत’ हे समीकरणात लिहा म्हटलं, की चांगली हुशार मुलंही लिहितात: ६ × व = श. अमेरिकेत इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांना हाच प्रश्न दिला होता, त्यांच्यातही पुष्कळजण असंच उलटं लिहून बसले. वाक्यात विद्यार्थ्यांजवळ सहा ऐकू येतो म्हणून तो विद्यार्थ्यांना चिकटतो. शिवाय ‘व’ म्हणजे ‘विद्यार्थी’ असं लेबल डोक्यात असतं. ‘व’ म्हणजे विद्यार्थ्यांची संख्या. शिक्षक १० धरा. विद्यार्थी ६० झाले. आता ६ × ६० म्हणजे ३६०, आणि पलीकडे १०. जमत नाही. लहान गटाला सहाने गुणायचं तेव्हा मोठा येतो: व = ६ × श.

आपल्या भास्कराचार्यांनी बीजगणितात अज्ञाताला ‘यावत्तावत्’ म्हटलं, ‘जितकं असेल तितकं’. मला हे नाव ‘क्ष’पेक्षा आवडतं, कारण त्यात आधीच मोजमाप आहे. लेबल त्याला चिकटत नाही.

जाताना एक उदाहरण देतो. पॅसेंजर दतियाला नेमकी किती वेळ थांबली, तर ती सुटत असतानाच एक्सप्रेस तिथे पोहोचेल? उत्तर २६ मिनिटं १५ सेकंद येतं. ते फळ्यावर न लिहिता, फक्त दोन गाड्यांचे क्षण शेजारी ठेवून काढा.